n चं n-वं मूळ १ कडेच का जातं? लॉग घेऊन मी कसं सोडवलं

कुठलंही लिमिट आलं की आधी कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून बघायची मला सवय आहे, प्रूफ नंतर. n^(1/n) चं पण तसंच केलं. n = १ ला १ येतं, २ ला १.४१४२, ३ ला १.४४२२, ४ ला परत १.४१४२ (बरोबरच आहे, चारचं चौथं मूळ म्हणजे दोनचं वर्गमूळच की), ५ ला १.३७९७, मग उड्या मारत गेलो तर १० ला १.२५८९, १०० ला १.०४७१ आणि १००० ला १.००६९. म्हणजे आधी जरा वर चढतं, तीनला सगळ्यात वर जातं आणि तिथून खाली घसरतं. १ कडे चाललंय हे डोळ्यांना दिसतंय, पण १.०००१ वर जाऊन थांबणार नाही हे कशावरून? कॅल्क्युलेटर ते सांगू शकत नाही.

माझ्याबरोबर अभ्यासाला बसणारा मित्र म्हणाला, अरे कशाला डोकं खातोस, 1/n शून्याकडे जातं, कशाचाही शून्यावा घात १, उत्तर १, पुढचं गणित घे. उत्तर बरोबर पण कारण चूक, आणि असं कारण फार फसवं असतं. मी त्याला म्हटलं, मग n च्या जागी 2^n ठेव. आतला आकडा अनंताकडेच जातोय, घात 1/n शून्याकडेच जातोय, पण (2^n)^(1/n) कायम २. आता n^n ठेव. परत तीच परिस्थिती, पण (n^n)^(1/n) म्हणजे नुसता n, तो तर अनंताकडे निघून जातो. म्हणजे अनंताचा शून्यावा घात असं जिथे दिसतं तिथे उत्तर १, २, अनंत काहीही येऊ शकतं. आतला आकडा मूळ फुगवतोय आणि घात त्याला दाबतोय, दोघांचं एकाच वेळी चाललंय, त्यातल्या एकालाच शून्यावर नेऊन दुसऱ्याला तसंच ठेवता येत नाही.

प्रश्न उरतो तो कोण जिंकतं याचा, आणि लॉग इथेच कामाला येतो. लॉग घेतला की घात खाली उतरतो:

ln( n^(1/n) ) = (ln n) / n

एवढंच. पण आता घात नावाची भानगडच राहिली नाही, साधा अपूर्णांक आहे, वर ln n, खाली n, दोघंही वाढतायत, कोण जास्त वेगाने वाढतं ते बघायचं. मित्राला दाखवलेली दोन उदाहरणं पण यातून लगेच उलगडतात: 2^n ला लॉग घेतला की n·ln 2 भागिले n, म्हणजे ln 2, तर n^n ला n·ln n भागिले n, म्हणजे ln n. सगळा निकाल आतल्या आकड्याचा लॉग n च्या तुलनेत केवढा यावर लागतो.

इथे मला एक गोष्ट फार आवडली. दहाच्या पायाचा लॉग म्हणजे साधारण आकड्यात किती अंक आहेत ते (एक इकडेतिकडे). हजारात शून्यं तीन, म्हणून log n / n म्हणजे ३ भागिले १०००. दहा लाखाला ६ भागिले दहा लाख. n दहापट केला तर वरच्या बाजूला फक्त एक वाढतो आणि खालची बाजू दहापट होते, मग हा अपूर्णांक शून्याकडे नाही जाणार तर कुठे जाणार? यातून आकडे पण मिळतात, n = १००० ला मूळ म्हणजे 10^(0.003), आणि दहा लाखाला 10^(0.000006), जे १.००००१३८ येतं. पाया दहा की e याने काही बिघडत नाही, एका ठरावीक संख्येने गुणलं जातं बस.

तरी हे प्रूफ नव्हे. (ln n)/n शून्याकडे जातं हे नीट दाखवायचं तर बहुतेक जण लोपितालचा नियम लावतात, वरचं डेरिव्हेटिव्ह 1/n, खालचं १, लिमिट शून्य, संपलं. चालतं, फक्त n नैसर्गिक संख्या आहे, १, २, ३ अशा उड्या मारणारी, तिच्यावर डेरिव्हेटिव्ह कसलं घेणार? म्हणून आधी n च्या जागी वास्तव संख्या x घ्यायची, (ln x)/x ला नियम लावायचा आणि मग म्हणायचं की सगळ्या x साठी शून्याकडे जातं तर त्यातल्या पूर्णांकांसाठी पण जाणारच. एका वाक्याचं काम आहे, पण ते वाक्य लिहायला हवं.

मला स्वतःला लोपितालशिवाय करायचं होतं, कारण नियम लावला की उत्तर मिळतं पण का ते हाताला लागत नाही. एक साधी गोष्ट माहीत होती, धन t साठी ln t < t. (t − ln t ची सगळ्यात कमी किंमत t = १ ला येते आणि ती १ आहे, म्हणजे कायम शून्याच्या वर.) आता यात सरळ t = n टाकलं तर ln n < n, भागलं की (ln n)/n < १, आणि याचा काडीचा उपयोग नाही, कारण आपल्याला शून्य हवंय. युक्ती अशी की t च्या जागी √n टाकायचं. ln √n म्हणजे ln n चा अर्धा, म्हणून

ln n = 2 ln √n < 2√n

आणि n ने भागलं की

0 ≤ (ln n)/n < 2/√n

उजवीकडचं शून्याकडे जातं, डावीकडे शून्यच आहे, मधल्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. हे जमलं तेव्हा खरंच बरं वाटलं. लॉगला मुळाचा काही फरक पडत नाही, नुसता निम्मा होतो, पण n वर्गमुळाने एकदम लहान होतो, आणि ती जी मधली फट आहे तिच्यातच सगळं प्रूफ आहे.

आता परत यायचं. लॉग शून्याकडे जातो हे कळलं, पण मूळ प्रश्न लॉगचा नव्हता. बरेच जण इथेच थांबतात आणि उत्तर ० लिहून मोकळे होतात. हे पकडायला सोपं आहे, n एक किंवा जास्त असेल तर त्याचं कुठलंही मूळ एकपेक्षा कमी होऊच शकत नाही, मग लिमिट शून्य कुठून येईल? तर n^(1/n) म्हणजे e चा (ln n)/n वा घात, e^x हे फंक्शन सलग आहे, कुठे तुटत नाही, म्हणून घात शून्याकडे गेला तर सगळं e^0 म्हणजे १ कडे जातं. सलगपणा हा शब्द इथे लिहायचाच, लिमिट घाताच्या आत नेता येतं ते त्याच्याच जोरावर.

अजून एक, पहिल्याच ओळीत "समजा लिमिट L आहे, दोन्हीकडे ln घेऊ" असं लिहायची पद्धत मला पटत नाही. लिमिट आहे हे अजून माहीतच नाही. याच पद्धतीने 2^n चं लिमिट L धरा, पुढची टर्म दुप्पट, म्हणून L = 2L, म्हणून L = ०, आणि सीक्वेन्स तर अनंताकडे धावतोय! आपल्या गणितात L धरून पण १ च येतं, पण क्रम उलटा ठेवला तर L धरायची गरजच राहत नाही: आधी लॉगचं लिमिट काढा, मग e वर चढवून परत या, लिमिट आहे हे त्यातच सिद्ध होतं.

मग मला प्रश्न पडला, किती वेगाने? h लहान असेल तर e^h साधारण 1 + h, म्हणून n^(1/n) मधून १ वजा केला तर साधारण (ln n)/n उरतं. १००० ला ln १००० = ६.९०७८, म्हणजे ०.००६९०७८ यायला हवं, खरं येतं ०.००६९३२, जवळपास तेच. मग मी १.०१ ची रेघ ठरवली, n = १ सोडला तर मूळ तिच्या खाली पहिल्यांदा कधी जातं? ln 1.01 म्हणजे ०.००९९५०३, आणि (ln n)/n याच्यापेक्षा कमी हवं. ६५१ ला ०.००९९५१६, म्हणजे अगदी थोडक्यात राहिलं, ६५२ ला ०.००९९३८७, गेलं खाली. आणि आपला √n वाला अंदाज काय सांगतो? 2/√n ला त्या रेघेखाली आणायला n = ४०,४०१ लागतो! कुठे ६५२ आणि कुठे चाळीस हजार. लिमिट सिद्ध करायला तो अंदाज पुरतो, पण n किती घ्यायचा ते त्याच्यावरून ठरवलंत तर उगाच साठपट पुढे जाऊन बसाल.

६५२ नंतर परत वर येणार नाही ना, हे पण बघायला हवं होतं. (ln x)/x चं डेरिव्हेटिव्ह (1 − ln x)/x², ते x = e ला शून्य आणि पुढे कायम ऋण, म्हणून e च्या पुढे उतरणच. e म्हणजे २.७१८, दोन आणि तीनच्या मध्ये, म्हणून सगळ्यात मोठं मूळ दोनचं नाहीतर तीनचं. दोन्हींचा सहावा घात घ्या, २ चा घन ८ आणि ३ चा वर्ग ९, तीन जिंकला. सुरुवातीच्या आकड्यांमध्ये तीनला शिखर का दिसलं ते असं.

याचा पुढे उपयोग कुठे होतो तर श्रेणीच्या रूट टेस्टमध्ये. n^5 / 2^n अशा टर्म्स असतील तर n-वं मूळ घेतल्यावर खाली २ राहतो आणि वर (n^5)^(1/n), त्याचा लॉग 5(ln n)/n, पाचने गुणलं म्हणून शून्याकडे जायचं काही थांबत नाही, म्हणून वरचा भाग १ कडे आणि सगळं मिळून १/२ कडे, श्रेणी अभिसारी. फक्त वेळ लागतो, n = १०० ला (100^5)^(1/100) अजून १.२५८९ वरच असतं, म्हणजे साध्या n^(1/n) ला n = १० ला जे होतं तेच. शंभर टर्म्सपर्यंत बघून कोणी म्हणालं की n-वं मूळ ०.६३ च्या आसपास दिसतंय, तर आकडा खोटा नाही, n^5 चा परिणाम अजून उतरलेला नाही एवढंच.