घरंगळणं आणि घसरणं: उद्यमनगरात सुटलेलं गणित

बी.एस्सी.च्या परीक्षेत मला एक गणित होतं. ३० अंशांच्या उतारावर भरीव वृत्तचिती सोडली आहे, घर्षणगुणांक ०.२५ आहे, तर तिचं त्वरण काढा. मी घर्षणबल म्हणून सरळ μN लिहिलं आणि उत्तर काढलं २.७८. खरं उत्तर होतं ३.२७. पेपर हातात आल्यावर सूत्र कुठं चुकलं ते कळलं, पण का चुकलं हे काही केल्या डोक्यात बसेना. μN हे तर पाठ्यपुस्तकातलंच सूत्र होतं.

मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. रविवारी मशिन बंद असतात. मी गेले आणि म्हटलं, "मामा, मला ५० मिलिमीटरच्या राउंड बारचा एक तुकडा पाहिजे."

"कशाला गं? आणि लांबी किती?"

"६० चालंल. उतारावरनं सोडून बघायचाय."

त्यांनी एमएस बारचा तुकडा चकमध्ये धरला, बाहेरून एक हलका कट घेतला, दोन्ही बाजूंना फेसिंग केलं आणि कडा मारून दिल्या. वजन साधारण सव्वानऊशे ग्रॅम. उतारासाठी सनमायका लावलेली एक जुनी फळी मिळाली.

आधी घर्षणगुणांक पाहिजे होता. तुकडा फेसिंग केलेल्या बाजूवर उभा ठेवला आणि फळीचं एक टोक हळूहळू उचललं. उभा असल्यामुळं तो लोळू शकत नव्हता, फक्त घसरू शकत होता. १४ अंशांच्या आसपास तो घसरायला लागला. पाचसहा वेळा करून सरासरी घेतली. ज्या कोनाला ठोकळा घसरतो त्याचा टॅन म्हणजेच स्थितिक घर्षणाचा गुणांक, म्हणजे ०.२५. परीक्षेतलाच आकडा निघाला, हा योगायोग.

आता तोच तुकडा आडवा. १४ अंशांच्या वर तो उभा टिकत नाही, पण आडवा ठेवला तर ३० अंशांवरही छान घरंगळत जाताना दिसतो. पृष्ठभाग तेच, वजन तेच. मग घर्षण पुरलं कसं? इथं माझी गाठ सुटली. उभ्या तुकड्याला जागेवर धरून ठेवायचं तर घर्षणाला उतारावरची सगळी ओढ, mg sinθ, एकट्यानं पेलावी लागते. आडव्याला कुणी धरून ठेवत नाही. त्याला खाली वेग घ्यायची मोकळीक आहे. घर्षणाचं काम एवढंच की वेग वाढेल तसं त्याला फिरवत न्यायचं. त्यासाठी किती बल लागतं ते दोन समीकरणांत निघतं:

```
mg sinθ - f = ma
f r = (1/2) m r² (a/r)
```

दुसऱ्यावरून f = ma/2. ते पहिल्यात घातलं की a = (2/3) g sinθ आणि f = (1/3) mg sinθ. म्हणजे ओढीचा फक्त तिसरा हिस्सा. हे बल घर्षणाच्या कमाल मर्यादेत, μ mg cosθ मध्ये, बसलं पाहिजे. म्हणून

```
μ ≥ tanθ / 3
```

वजन आणि त्रिज्या दोन्ही उडून गेल्या. ३० अंशांना लागणारा गुणांक ०.१९, आपल्याकडं ०.२५. घर्षण लागेल तेवढंच बल देतं, आणि μN ही त्याची फक्त वरची हद्द आहे. मी हद्दच बल म्हणून वापरली होती.

ही चूक पेपरातच पकडता आली असती, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. μN धरून फिरण्याचं त्वरण काढलं तर परिघाचं त्वरण येतं ४.२४, आणि तुकड्याच्या पुढं सरकण्याचं त्वरण येतं २.७८. म्हणजे उतारावर नुसता सोडलेला बार पुढं जाण्यापेक्षा जोरात स्वतःभोवती गरगरतोय! असं घडूच शकत नाही. एवढा एक ताळा केला की समजतं, इथं घर्षण हद्दीपर्यंत पोचलेलंच नाही.

सूत्राप्रमाणं हा बार टॅन ०.७५ होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३७ अंशांपर्यंत घसरायला नको. घसरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून मी फळीवर दोन रेघा मारल्या, ९४.२ सेंटिमीटर अंतरावर. ५० मिलिमीटर व्यासाचा परीघ १५.७ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ६ फेरे. बारच्या तोंडावर खडूची खूण केली, पुढं पट्टी आडवी धरून ती झटकन वर उचलायची आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा. खूण शेवटच्या रेघेवर जिथल्या तिथं आली तर घसरण नाही.

पहिल्याच खेपेला बार २६ अंशांना घसरला. मी तीनदा मोजलं, तेच. मन खट्टू झालं. मामांनी बारवरनं बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "कूलंट हाय अजून. तू नुसती तोंडंच पुसलीस." खरंच होतं. गुणांक मी पुसलेल्या तोंडावर मोजला होता आणि लोळत होती तेलकट बाजू. २६ अंशांवरून उलटं काढलं तर गुणांक ०.१६ येतो, तेलाच्या पातळ थराला तो शोभतोच. बार थिनरनं पुसला, फळीही पुसली. मग ३५ अंशांना पूर्ण ६ फेरे आणि ३८ ला खूण मागं पडलेली. यापेक्षा बारीक कोन माझ्या फळीवर पकडता येत नाही. तोंडाचा आणि बाहेरच्या बाजूचा फिनिशही अगदी सारखा नसतो.

४० अंशांना सहाच्या जागी सव्वाचार फेरे झाले. एकदा घसरायला लागलं की मात्र घर्षण खरोखर हद्दीवर असतं, तिथं μN लिहायचं, पण गतिक गुणांक घेऊन. फेऱ्यांच्या हिशेबातून तो निघाला ०.२२, स्थितिकपेक्षा थोडा कमी, जसा असायला हवा.

शेवटी मामांनीच विचारलं, "ह्याच मापाचा पाइप सोडला तर? हलका हाय, त्यो काय घसरणार न्हाई. जड बारच आधी घसरंल."

पाइप बाहेरून ५०, आतून ४२ मिलिमीटर. पुस्तकात पोकळ वृत्तचितीला tanθ/2 लिहिलेलं असतं, पण ते अगदी पातळ पत्र्यासाठी. ४ मिलिमीटर भिंत धरली की २ च्या जागी २.१७ नं भागावं लागतं. पाइपचं वस्तुमान कडेला असतं, त्याला फिरवायला जास्त बल लागतं, आणि ते पुरवायचं घर्षणानंच. हिशेब सांगत होता की पाइप २८ ते २९ अंशांना सुटेल.

फळी ३३ अंशांना लावली. बार सोडला, ६ फेरे. पाइप थिनरनं पुसून सोडला, व्हिडिओ मागंपुढं करून मोजला. साडेतीनच्या जरा वर. मामांनी मोबाइल माझ्या हातातनं घेतला, स्वतः मोजला आणि म्हणाले, "आता फळी २७ ला लाव, बघू तिथं धरतोय का."

धरला. पूर्ण ६ फेरे.