अंगणातला पट्टेरी साप : कवड्या की मण्यार?

मुलुंडला आमची बैठी चाळ आहे, डोंगराच्या बाजूला. पावसाळ्यात रात्री साडेनऊला शेजारच्या मुलाने फोटो पाठवला : अंगणातल्या कुंडीमागे काळसर अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप. डोकं कुंडीखाली, दिसत होती ती फक्त शेपटीकडची बाजू.

असे पट्टे आमच्याकडे दोघांचे असतात. बिनविषारी कवड्या पालींच्या मागावर घरात शिरतो, भिंतही सहज चढतो. दुसरा मण्यार, अतिशय विषारी. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं : मानेकडे पुसट, शेपटीकडे स्पष्ट, आणि बरेचदा दोन-दोन रेघांच्या जोडीने. फोटोतल्या शेपटीवर पट्टे अगदी टोकापर्यंत स्पष्ट होते. पण फ्लॅशमुळे रंग फिका पडला होता आणि मान दिसतच नव्हती, त्यामुळे एवढ्यावरून खात्रीने काही म्हणता येईना. मग मी त्याला विषारीच धरलं. मण्यार चावली की बरेचदा फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो आणि पुढच्या काही तासांत पापण्या जड होऊ लागतात. आमच्या चाळीत पाच-सहा घरांत जमिनीवर अंथरूण पडतं, तेव्हा वाट बघण्यात अर्थ नव्हता.

दुसरा प्रश्न वाटेचा होता. तोच साप उघड्या गेटजवळ असता, तर आम्ही मागे सरून त्याला झाडीत जाऊ दिलं असतं. धामणीच्या बाबतीत आम्ही नेहमी तसंच करतो. इथे मात्र तिन्ही बाजूंनी घरं आणि दारांखाली फटी. म्हणून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन केला आणि तिथून जोडून दिलेल्या सर्पमित्राला फोटो पाठवला.

"ताई, चांगला फोटो काढायला कुणी जवळ जाऊ नका," तो म्हणाला. "कुंडी हलवू नका, फिनेल ओतू नका. दहा-बारा फुटांवर एकच माणूस उभा करा, नजर सापावर ठेवायला सांगा."

साप साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंतच झेप घेऊ शकतो. दहा फूट लागतात ते तो अचानक निघाला तर आपल्याला मागे सरता यावं म्हणून. आम्ही अंगणातला दिवा लावला, मुलांना आत घेतलं, फटींत ओली गोणपाटं कोंबली. मुलाचे बाबा बूट घालून पायरीवर उभे राहिले. नजर ठेवणं फार कामाचं ठरलं, कारण साप मध्येच सरकून मोरीजवळच्या विटांखाली गेला. ते बघत नसते तर सर्पमित्राला सगळं अंगण उपसावं लागलं असतं.

पाऊण तासाने तो आला, हुकने एकेक वीट बाजूला केली. मण्यारच होती, तीनेक फुटांची. बरणीत घेऊन त्याने वनविभागाला कळवलं आणि आम्हाला विटांचा तो ढीग सकाळी उजेडात, हातमोजे घालून हलवायला सांगितला.