अडेनियम अपडेट: कलमं जमली, रेटचा घोळ सुटता सुटंना

आधी चांगली बातमी. उन्हाळ्यातल्या व्ही-कट कलमांपैकी शंभरात ऐंशी लागली. लातूरचं ऊन या झाडाला मानवतंच. डबल पेटलवाल्या मरून रंगाच्या काडीला तर पहिली कळी पण आली, रोज सकाळी जाऊन बघतोय.

आता डोकेदुखी. नर्सरीवाल्यांना पाठवलेलं होलसेल रेटकार्ड कुणीतरी झाडप्रेमींच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलं आणि लगेच लोक विचारू लागले, त्यांना 110 ला अन् आम्हाला 180 ला का हो? तिकडं नर्सरीवाले दादा म्हणू लागले, तुम्ही प्रदर्शनात स्वस्त विकणार असाल तर आम्ही माल कशाला उचलायचा? दोघांचंही बरोबर आहे.

हिशोब असाय. खुंट, काडी, कुंडी, मिक्स धरून एका कलमाला 60 रुपये. पण शंभरातली वीस गेली की 6000 चा खर्च ऐंशी झाडांवर पडतो, म्हणजे जगलेलं झाड 75 ला. होलसेल 110, सुटतात 35. रिटेलला 180, पण त्यात स्टॉलचं भाडं, पॅकिंग, बदलून दिलेली झाडं मिळून 40 जातात, राहतात 65. मी 140 ला विकलं तरी मला 25 सुटतील, पण 180 ला विकणाऱ्या दादांकडं कोण जाईल? म्हणून माझा रिटेल रेट नर्सरीच्या रेटखाली आणायचा नाही, हे पक्कं.

मग दोन रेटमधला फरक लोकांना दिसला पाहिजे. होलसेल म्हणजे कमीत कमी 25 झाडं, व्हरायटी मी देईन ती, गाडी त्यांची, मेलं तर त्यांचं. रिटेलला फूल बघून निवडा, नावाचा टॅग, आणि महिन्याच्या आत कॉडेक्स मऊ पडला तर झाड बदलून. पावसाळ्यात मूळकुज किती होते ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं ही हमी फुकटची नाही. हे सांगितल्यावर ग्रुपवरच्या एक ताई म्हणाल्या, "मग 180 ठीके, मला तो मरून रंगाचाच पाहिजे." लई बरं वाटलं.

होलसेलच्या कुंड्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात असं ठरवलं होतं, पण दादा कुंडी बदलतातच, मग फायदा काय. (त्या पातळ काळ्या कुंड्या घेऊ नका, उन्हात वर्षात तडकतात.)

लिहिता लिहिता सुचलं, सवलत द्यायचीच तर रेट पाडायचाच नाही, सोबत मिक्सची पिशवी किंवा बिया द्यायच्या. छापील रेट 180 च राहतो, दादांचं गिऱ्हाईक तुटत नाही. आणि पाचसहा जणांनी मिळून 25 घेतली तर? अटी होलसेलच्याच मान्य असतील तर 110 लाच देणार, नर्सरी असो की घरगुती. दादांना आधी फोन करून हे सांगतो, मग नवं कार्ड टाकतो, आता अटी रेटच्या वरच छापणार.