गळकी, तोंड उघडं आणि सील फुटलं

अकोल्यापासून तासाभरावर, तूर पिकवणाऱ्या गावांच्या मधोमध आमची दाल मिल आहे. तुरीची डाळ तयार करायची, किलो आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरायची आणि पाठवायची. पाकिटं भरणारी तीन मशिनं आहेत. त्यांच्या पुढे तपासणीच्या टेबलावर दोन मावशी बसतात आणि बाद पाकिटाची नोंद एका लांबट रजिस्टरात करतात: तारीख, मशीन नंबर, दोष. मालाच्या दर्जाचं काम माझ्याकडे आहे.

महिना संपला तेव्हा शेठजींनी मला बोलावलं. टेबलावर तारीख छापायच्या नव्या यंत्राचं कोटेशन होतं. "छपाईचंच पाकीट सगळ्यात जास्त बाद होऊन रायलं, रजिस्टरच सांगते. घेऊन टाकू काय?" रजिस्टरात तसंच दिसत होतं. महिन्यात 1200 पाकिटं बाद, त्यांपैकी 310 "छपाई पुसट". दुसऱ्या कुठल्याही नावाखाली एवढा आकडा नव्हता. मी म्हटलं, "शेठजी, आजचा दिवस द्या. आधी रजिस्टर नीट लावू द्या."

काम सोपं असतं. दोषांचे प्रकार मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे, प्रत्येकाचा टक्का काढायचा, टक्के एकावर एक मिळवत जायचे आणि तीनचतुर्थांश माल किती प्रकारांत संपतो ते पाहायचं. त्यालाच पॅरेटो म्हणतात. पॅरेटो हा इटलीचा अर्थतज्ज्ञ. मालमत्ता मोजक्या हातांत कशी साचते हे त्याने मांडलं होतं. कारखान्यातल्या दोषांना ते लावून दाखवलं जोसेफ जुरान यांनी. पण हे लावणं जितकं सोपं, तितकीच त्याआधीची एक गोष्ट अवघड असते. कोणत्या नोंदी एकाच दोषाच्या आहेत, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून रजिस्टर घेऊन मी मावशींजवळच बसलो. "गळकी" 190, "तोंड उघडं" 140, "सील फुटलं" 95. मी विचारलं, या तिन्हींत फरक काय? थोरल्या मावशी म्हणाल्या, "फरक कायचा बापा? डाळ सांडली की मी गळकी लिवतो, हिच्या हाताला उघडं लागलं की ही तोंड उघडं लिवते." दोष एकच होता, सीलमधून गळणं, फक्त तीन नावांनी वाटला गेला होता. मग "इतर"मधल्या 152 नोंदी एकेक करून वाचल्या. शेरा लिहिलेला होता म्हणून बरं. त्यांतल्या 71 ठिकाणी "सीलमध्ये डाळ अडकली" किंवा त्याच अर्थाचं काही होतं. सगळं मिळून गळती 496 निघाली, म्हणजे 41 टक्के. छपाई 26 टक्क्यांवर दुसरी आणि फिल्म सरकणं 14 टक्क्यांवर तिसरं. एवढ्या तिघांतच 81 टक्के माल संपला. उरलेल्या "इतर"चा खांब मी आलेखात शेवटी ठेवतो, तो कितीही उंच असला तरी. तो फार उंच झाला, तर प्रकार नीट पाडलेले नाहीत असं समजायचं.

गळती पहिली आली, पण गळतीवर करायचं काय? एवढ्याने कोणी पाना हातात घेऊ शकत नाही. म्हणून त्याच 496 पाकिटांचा दुसरा पॅरेटो काढला, मशीननुसार. पहिल्या मशीनची 110, दुसऱ्याची 176, तिसऱ्याची 210. तिसरं मशीन उघडायचं असं कोणीही म्हणेल. पण त्या महिन्यात तिसऱ्याने 60,000 पाकिटं भरली होती, पहिल्याने 40,000 आणि दुसऱ्याने फक्त 22,000. दर हजारी काढलं तेव्हा तिसऱ्याचं साडेतीन आलं, पहिल्याचं पावणेतीन आणि दुसऱ्याचं पूर्ण आठ. दुसऱ्यावर अर्ध्या किलोची पाकिटं भरतात, म्हणून तसं होत असेल, ही शंका ऑपरेटर दादांनी काढली. ती रास्त होती, पण पहिल्यावरही अर्धाच किलो भरला जातो. म्हणजे पाकिटाचा आकार कारण नव्हता.

दुपारी दुसऱ्या मशीनचं गळकं पाकीट उजेडासमोर धरलं. आडव्या सीलची पट्टी सगळीकडे सारखी दाबलेली होती, फक्त मधे एका जागी डाळीच्या पुडीची पिवळसर रेघ होती आणि तिच्यात डाळीची अर्धी पाकळी. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, तेच. सील थंड राहिलं असतं तर पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने सोलली गेली असती. इथे बाजूचं सील ओढूनही सुटत नव्हतं, फक्त त्या रेघेपाशी वाट होती. चांगली दिसणारी काही पाकिटं पाण्याच्या टबात दाबून पाहिली, तेव्हा काहींत त्याच जागी बारीक बुडबुडे आले. हीटरचं तापमान वाढवायचा विचार चालला होता, तो तिथेच सोडला. तापमान वाढवून पूड जात नाही, उलट फिल्म वितळून आखडते आणि सुरकुत्या वाढतात.

पूड कुठून येते ते पाहायला, मशिनात वरून डाळ सोडणाऱ्या हॉपरवर चढलो. चुरी ओढून घेणाऱ्या सक्शनचा पाइप दुसऱ्या मशीनकडे वळतो तिथे गच्च भरला होता. हात लावला तर ओढ जाणवेना. त्यामुळे चुरी डाळीबरोबरच खाली येत होती. बारीक पूड प्लास्टिकला चिकटत होती, आणि मागे रेंगाळलेले तुकडे सील दाबणारे जॉ बंद होताना मधे सापडत होते. दादांनी पाइप उतरवून साफ केला, वळणाला झाकण बसवलं, आणि डाळ पडल्यानंतर जॉ मिटायची वेळ किंचित पुढे ढकलली. बाकी दोन मशिनांचे पाइपही तेव्हाच उघडले. तिसऱ्याचा अर्धा भरला होता.

एका गोष्टीसाठी मात्र मी आलेखाची वाट पाहिली नव्हती. "वजन कमी" फक्त 23 होती, दोन टक्क्यांच्या आत, खांब अगदी ठेंगणा. पण वजनमापाच्या नियमांत 500 ग्रॅमच्या पाकिटाला जास्तीत जास्त 15 ग्रॅमची तूट चालते, आणि त्या 23 पैकी काहींची तूट त्याहून जास्त होती. आपण गिऱ्हाइकाकडून पैसे पूर्ण वजनाचे घेतो. सकाळी रजिस्टर पाहताच वजनकाटे तपासून, शून्य लावून घेतले. दोष किती वेळा झाला एवढंच पॅरेटो मोजतो. त्याने कोणाचं किती नुकसान होतं, ते आपल्यालाच पाहावं लागतं. डाळीत धातूचा तुकडा एकदाच सापडला, तरी मी मशीन त्याच क्षणी बंद करीन.

पुढच्या महिन्यात पाकिटं जवळपास तेवढीच भरली. गळती 204 वर आली, एकूण बाद माल 902. शेठजींनी आलेख पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "छपाई तं 26 वरून 34 टक्के झाली की! वाढली काहून?" मी त्यांना आकडा दाखवला: मागच्या महिन्यात 310, या महिन्यात 306. छपाई होती तिथेच होती. गळती कमी झाल्याने एकूण लहान झालं, म्हणून तिचा वाटा मोठा दिसत होता. आता मी दोन महिन्यांचे आलेख शेजारी ठेवतो तेव्हा टक्क्यांबरोबर आकडे लिहितोच.

कोटेशन शेठजींनी कपाटात ठेवलं आहे. छपाईचे 306 आता त्याच पद्धतीने फोडायला घेतले आहेत: मशीननुसार, पाळीनुसार आणि रिबनच्या रोलनुसार. रोलचा रकाना रजिस्टरात नव्हता, तो मावशींनी स्वतःच्या हाताने आखला.