दुपारी शिट्टी मारणारी मोटर: ड्राइव्ह सेटिंगचा माझा अनुभव

लातूर एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या शेठचा एप्रिलमध्ये फोन आला. "भाऊ, तूर सोलायच्या रोलरची मोटर दुपार झाली की शिट्टी मारायलीय. सकाळी आवाज नसतो. आणि रोलरमध्ये माल अडकून थांबला तर पुन्हा सुरूच होत नाही."

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह आधीच्या कुणीतरी बसवून दिला होता. मी पहिल्यांदा मोटरची नेमप्लेट शोधली. तिच्यावर रंगाचे थर होते, थिनरचा बोळा घासल्यावर आकडे दिसले: ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट डेल्टा, १४ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४५० आरपीएम, पॉवर फॅक्टर ०.८४. मग ड्राइव्हमधले आकडे काढून पाहिले. करंट १७ अँपिअर होता, म्हणजे ड्राइव्हचा स्वतःचा, कंपनीतून आला तसाच. मोटर जळू नये म्हणून जे ओव्हरलोड संरक्षण असतं ते याच आकड्यावर चालतं, त्यामुळे ते वीस टक्क्यांहून जास्त सैल पडलं होतं. आरपीएमच्या जागी १५०० भरलेले.

हा १५०० बऱ्याच ठिकाणी सापडतो. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला १५०० ने फिरतं, पण पूर्ण लोडवर रोटर १४५० ने फिरतो. मधला ५० आरपीएमचा फरक म्हणजे स्लिप, आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तयार होतो तो स्लिपमुळेच. १५०० भरलं की ड्राइव्हच्या हिशोबात स्लिप शून्य होते. काही ड्राइव्ह हा आकडा घेतच नाहीत. हा घेत होता.

टर्मिनल बॉक्सही उघडला. मोटर पूर्वी स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती, सहा वायरी तशाच होत्या. वाइंडिंग जोडणाऱ्या पट्ट्या मात्र नेमप्लेटप्रमाणे डेल्टात लावलेल्या होत्या, ते बरं झालं. स्टारमध्ये राहिली असती तर टॉर्क तिसऱ्या हिश्शावर आला असता आणि सेटिंगमध्ये कितीही शोधून दोष सापडला नसता.

नेमप्लेटचे आकडे भरून ऑटोट्यून, म्हणजे ड्राइव्हकडून मोटरची मोजणी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटर थंड असताना केलं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून तापलेल्या मोटरवर घेतलेला आकडा फसवा असतो. बेल्ट काढायचे म्हटल्यावर शेठ कुरकुरले. "न काढता होत नाही का?" होतं, पण मोटर जागच्या जागी ठेवून केलेल्या ट्यूनमध्ये ड्राइव्ह मुख्यतः स्टेटरचा रोध मोजतो. बिनलोड करंट, म्हणजे निव्वळ चुंबकत्वासाठी लागणारा भाग, नीट कळायला मोटर मोकळी फिरावी लागते. रोलर जोडलेला असेल तर त्याचा भारही त्यात मोजला जातो. शेवटी बेल्ट काढले. मोटरची केबल मात्र कायमची तीच ठेवली, कारण तिचा रोधही मोजणीत येतो.

मोटर आधी गुणगुणली, मग फिरली, थांबली. बिनलोड करंट ५.६ अँपिअर आला, रेटेडच्या चाळीस टक्के. अशा मोटरला तीस ते पन्नासच्या आत आलं तर मी विश्वास ठेवतो. ऐंशी आलं असतं तर व्होल्टेज, जोडणी किंवा राहून गेलेला बेल्ट तपासला असता. ड्राइव्ह व्हेक्टर मोडमध्ये, म्हणजे या मोजणीवरून टॉर्क सांभाळणाऱ्या पद्धतीत, टाकून बेल्ट चढवले, आणि माल भरलेला रोलर पहिल्याच झटक्यात उठला.

राहिली शिट्टी. कॅरिअर फ्रिक्वेन्सी १२ किलोहर्ट्झवर ठेवलेली होती. ड्राइव्हमधले आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद होतात तो हा आकडा. तो वर नेला की मोटरची शीळ कानाला जाणवेनाशी होते, पण प्रत्येक चालू-बंदला थोडी उष्णता ड्राइव्हमध्येच सुटते. ४ चे १२ केले तर उष्णतेचा हा भाग जवळपास तिप्पट होतो; करंट वाहण्यामुळे होणारा भाग आहे तेवढाच राहतो. इथे पॅनलच्या पंख्याचा फिल्टर तुरीच्या भुशानं गच्च भरलेला, बाहेर लातूरचं ऊन. ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक तापला की हा ड्राइव्ह स्वतःच कॅरिअर खाली आणत होता, म्हणून दुपारी शिट्टी. शेठ ज्याला मोटरचा बिघाड समजत होते ती ड्राइव्हची स्वतःला वाचवायची धडपड होती.

४ किलोहर्ट्झ ठेवलं, फिल्टर बदलला. हीटसिंकचं तापमान ड्राइव्हच्या स्क्रीनवर दुपारी ८८ अंश दिसायचं ते ७० वर आलं. शीळ आता सकाळपासूनच असते, पण रोलर चालू असताना ती ऐकू येत नाही. मिलमध्ये इतका कल्लोळ की शांत मोटरसाठी १२ किलोहर्ट्झ ठेवायची गरजच नव्हती. ऑफिसच्या एसीच्या ब्लोअरला असतं तर मीही ८ वर ठेवलं असतं, फक्त ड्राइव्ह एक साइझ मोठा घेऊन. अगदी खाली, २ वरही नेत नाही. तिथे करंट खडबडीत होतो आणि मोटर स्वतः जरा जास्त तापते.

निघताना किमान वेग २५ हर्ट्झ लावून दिला. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग कमी झाला की वाराही कमी होतो. पूर्ण लोड ठेवून त्याहून हळू चालवायचं असेल तर वेगळा पंखा बसवावा लागेल, हे शेठना सांगितलं. "आधी हंगाम जाऊ द्या," म्हणाले.