कागदी कप, एक बेसिन आणि अकरा आठवडे: माझा अनुभव

ऑफिसमधले कागदी कप बंद करून काचेचे ग्लास आणायला आम्हाला साडेतीन महिने लागले. त्यातले अकरा आठवडे एकाच टेबलावर गेले. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. आपल्या ऑफिसात हेच करू बघणाऱ्यांनी ते टेबल कुठलं, हे आधी ओळखून ठेवावं.

आमचं ऑफिस पुण्यात बाणेरला, माणसं १३०. सकाळी अकराला आणि दुपारी चारला खालच्या टपरीवरचे काका थर्मास घेऊन वर येतात. दोन वेळचा चहा आणि येणारेजाणारे धरून रोज तीनशेच्या आसपास कप लागायचे. मी ॲडमिनमध्ये, त्यामुळे कपांची खरेदीही माझ्याकडे आणि भरून वाहणाऱ्या डस्टबिनच्या तक्रारीही माझ्याकडेच. आमच्या साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये होकार दिला, रविवार पेठेतून ग्लास आले, भांडी धुवायला पँट्रीतल्या मावशी तयार झाल्या. अडलं ते बेसिनपाशी. पँट्रीत हात धुण्यापुरतं एवढंसं बेसिन होतं. दीडशे ग्लास धुवायचे तर खोल सिंक हवं, आणि त्याची सांडपाण्याची लाइन जोडायला बिल्डिंगच्या मेंटेनन्स ऑफिसची लेखी परवानगी हवी.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो नकाशा जोडला नव्हता म्हणून. तो जोडला. दुसऱ्यांदा विचारणा झाली की पाणी किती लागणार. तेही मोजून दिलं. तिसऱ्यांदा मात्र शेरा आला: ‘इमारतीतील पेपर कप कागद म्हणून रिसायकलिंगला दिले जातात. बदलाची आवश्यकता स्पष्ट करावी.’

या एका वाक्याने सहा आठवडे खाल्ले. कारण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

सुरुवात मी बेसमेंटमधल्या कचऱ्याच्या खोलीपासून केली. तिथे कचरा निवडणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्यांनी पुठ्ठ्याचा ढीग दाखवला, बाटल्यांचा दाखवला आणि कप मात्र भिंतीकडच्या काळ्या पिशवीत होते. ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत जाते. ‘ताई, याला कुणी हात लावत नाही. कागदातही नाही आणि प्लास्टिकमध्येही नाही,’ असं त्या म्हणाल्या.

तरी मला वाटलं, आपण वेगळे साठवून दिले तर कुणीतरी घेईल. तीन आठवडे आम्ही फक्त कप साठवले. अकरा पोती भरली. भंगारवाल्या भाऊंनी काट्यावर टाकली तर वजन भरलं नऊ किलो! एक कप जेमतेम दोन ग्रॅमचा, त्यामुळे जागा खोलीभर आणि वजन काहीच नाही. त्यात तळाशी उरलेला दूध-साखरेचा थेंब आंबलेला, काही कपांना बुरशी, पोत्यांना मुंग्या. भाऊंनी एका पोत्यात हात घातला, कप फाडला, आतली चकाकी बघितली आणि पोतं बाजूला सारलं. ते म्हणाले, ‘मॅडम, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात हे सापडलं तर मिलवाला माझे पैसे कापतो.’ इथे एक सांगून ठेवते: तुम्ही हा प्रयोग केलात तर कप विसळून, वाळवून साठवा. घेणारं कुणी मिळेलच असं नाही, पण निदान वासाच्या तक्रारी येणार नाहीत.

मिलवाला पैसे का कापतो, हे मी घरी करून पाहिलं. रात्री एका पातेल्यात वर्तमानपत्राचं पान, दुसऱ्यात पुठ्ठ्याचा तुकडा आणि तिसऱ्यात आमचा कप भिजत टाकला. सकाळी वर्तमानपत्राचा लगदा झाला होता, पुठ्ठ्याचे थर सुटले होते आणि कप उभाच्या उभा होता. फक्त बाहेरून मऊ पडला होता. अंगठ्याने चोळायला लागले तसा बाहेरचा कागद वळ्या होऊन सुटू लागला. सगळा निघाला तेव्हा हातात कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक पिशवी राहिली, कपाच्याच आकाराची. जिथे कपाचा जोड असतो, त्या शिवणीवर कागदाचे पांढरे तंतू काही केल्या निघेनात.

ती पिशवी म्हणजे पॉलिथिनचं अस्तर. कप बनवताना हे प्लास्टिक वितळवून कागदावर पातळ थरात चढवतात, वेगळा गोंद लावत नाहीत. आमच्या कपांच्या खोक्यावर ‘१७०+१८ जीएसएम’ असं छापलेलं असायचं. वर्षभर ते मी वाचत होते, अर्थ तेव्हा लागला. एक चौरस मीटर कपात १७० ग्रॅम कागद आणि १८ ग्रॅम प्लास्टिक. म्हणजे साधारण दहावा हिस्सा. या अस्तरामुळे चहा गळत नाही आणि उष्णता देऊन शिवणही त्याच्याच जोरावर चिकटवतात. म्हणून ते ‘काढून टाका’ म्हणता येत नाही.

कागदाच्या मिलमध्ये रद्दी पल्परमध्ये टाकतात. पल्पर म्हणजे पाण्याने भरलेला अवाढव्य मिक्सरच. साधी रद्दी त्यात दहा-वीस मिनिटांत विरघळते. कपाला मात्र एका बाजूने प्लास्टिक, त्यामुळे पाणी दुसऱ्या बाजूने आणि कडेनेच शिरतं. शिवाय तो कागद ओलाव्यात टिकावा असाच बनवलेला. तेवढ्या वेळात तो सुटत नाही. जास्त फिरवावा तर अस्तराचे बारीक तुकडे होऊन लगदा गाळायच्या चाळण्यांत अडकतात, आणि त्या साफ करायला काम थांबवावं लागतं. अस्तराला चिकटलेला चांगला कागदही त्याच्याबरोबर फेकला जातो.

हे अशक्य आहे असं नाही. इंग्लंडमध्ये केंडल इथल्या जेम्स क्रॉपर कंपनीने २०१३ मध्ये फक्त कपांसाठी वेगळी यंत्रणा उभी केली. त्यात कप कोमट द्रावणात भिजवून प्लास्टिक वेगळं काढतात. हाती लागणारा तंतू लांब आणि चांगल्या प्रतीचा असतो, कारण कपाला मुळात ताजा लगदाच वापरलेला असतो. पण त्यासाठी कप वेगळे गोळा व्हावे लागतात आणि टनावारी व्हावे लागतात. महिन्याला तेरा किलो देणारं आमचं ऑफिस त्यात कुठे बसणार?

ती पारदर्शक पिशवी मी वाळवली, वहीत ठेवली आणि मेंटेनन्स ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या साहेबांच्या टेबलावर ती ठेवून म्हटलं, ‘सर, हे तुमच्या शेऱ्याचं उत्तर.’ त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, ‘पण बंदीच्या यादीत पेपर कप नाहीत.’ यावर मी तयार नव्हते, परत आले. तुम्ही तयारीने जा: एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरील बंदीची केंद्राची यादी १ जुलै २०२२ पासून लागू झाली, तिच्यात कप आहेत ते प्लास्टिकचे, तिथे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. महाराष्ट्राने मात्र २०१८ च्या आपल्या अधिसूचनेत जुलै २०२२ मध्येच दुरुस्ती करून प्लास्टिकचं अस्तर असलेले कागदी कप, ग्लास, ताटल्याही बंदीत आणल्या. ही दुरुस्ती छापून पुन्हा गेले. त्याच फेरीत त्यांनी कंपोस्टेबल कपांचं सुचवलं. त्यांचं अस्तर बहुतेक पीएलए या वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचं असतं. ते कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस टिकावी लागते, आणि तशी आमच्या आवारातल्या खतखड्ड्यात होत नाही. हे ऐकून घेतलं त्यांनी. तरीही सही व्हायला आणखी तीन आठवडे गेले, कारण ‘फाइल वर गेली आहे’. कुणाच्या टेबलावर, हे शेवटपर्यंत कळलं नाही. परवानगीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी पँट्रीत जाऊन मावशींना आधी दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. ग्लास आम्ही १६० घेतले होते, चौदा रुपयांचा एक. १३० माणसांना एका फेरीला पुरून तीस हाताशी राहतात. पहिल्या महिन्यात अकरा फुटले, तेव्हा जादा घ्याच. स्टीलचे घेऊ नका. आम्ही दहा आणून पाहिले, पण गरम चहाने हात भाजतो आणि लोक पुन्हा कागदी कप मागतात.

धुण्याचं खरं गुपित वेळेत आहे. दुधाचा चहा ग्लासात वाळला की तळाशी कडं धरतं आणि मग घासायला दुप्पट वेळ जातो. म्हणून ट्रेशेजारीच पाण्याचा टब ठेवला, ग्लास रिकामा झाला की थेट त्यात. मग एक टब साबणाचा, एक गरम पाण्याचा, आणि शेवटी जाळीच्या रॅकवर उपडे. फडक्याने पुसायचे नाहीत, फडकंच सगळ्यात अस्वच्छ असतं. पाणी मोजलं होतं ते असं: नळ सोडून धुतले तर एका फेरीला वीस लिटरच्या पाच बादल्या, टबात धुतले तर दोन. वेळ पाऊण तास.

पैशांचं विचारतात सगळे. कप साठ पैशांना पडायचा, महिन्याला सहा हजार सहाशे कप, म्हणजे चार हजारांच्या आत. आता मावशींना जादा कामाचे तीन हजार आणि साबणाचे तीनशे देतो. मावशींचं काम फुकटात वाढवून ही योजना करू नका, महिनाभरात बंद पडेल.

काकांच्या टपरीवरही बदल झाला, पण अर्धाच. वर आमच्या ग्लासांत चहा देतात, त्यामुळे त्यांचे कपाचे पैसे वाचले. खाली मात्र नळ नाही. पूर्वी एकाच बादलीत सगळे ग्लास बुचकळले जायचे, गिऱ्हाईक नाक मुरडायचं, आणि ती तक्रार रास्त होती. म्हणून काका कागदी कपाकडे वळले होते. आता ते आमच्या सिंकवर धुतलेले चाळीस ग्लास सकाळी तारेच्या जाळीत घालून खाली नेतात, वापरलेले वेगळ्या क्रेटमध्ये टाकतात आणि चारच्या फेरीला वर आणतात. चाळीस संपले की पुन्हा कागदी कप निघतो. आणखी चाळीस ग्लास मी सांगून ठेवलेत.

एक राहिलंच. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात शंभर मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण सुटल्याचं आढळलं होतं. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त माणसांचं मन कपावरून उडालं ते हे वाचून. मी नोटीस बोर्डावर ते पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं, सिंकची वाट बघत बसायला नको होती.

पाण्याच्या कूलरजवळचे कप अजून चालू आहेत. त्याच्या शेजारी ग्लासांची रॅक भिंतीत ठोकायची, तर पुन्हा त्याच मेंटेनन्स ऑफिसची परवानगी लागते. सोमवारी अर्ज दिला. या वेळी नकाशा, राज्याची दुरुस्ती आणि ती वाळवलेली पिशवी पहिल्याच दिवशी सोबत जोडली.