पितळी पिनांची सीपी-सीपीके नोंद: दोन बॅच, एकच लेथ

घरच्या लेथवर दहा मिलीमीटर व्यासाच्या पितळी पिना काढतो आहे, हे इथल्या मंडळींना माहीत आहेच. ड्रॉइंगवर टॉलरन्स आहे १०.०० अधिक-उणे ०.०५, म्हणजे खालची मर्यादा ९.९५ आणि वरची १०.०५. पहिल्या बॅचच्या ५० पिना ओळीने मोजल्या आणि पाच-पाचचे दहा गट केले. मायक्रोमीटर ०.००१ चा वापरला. ०.०१ चा असता तर त्याची एक पायरी माझ्या पिनांच्या विचलनाएवढीच झाली असती आणि आकड्यांना अर्थ उरला नसता.

गटांतल्या फरकांची, म्हणजे प्रत्येक गटातल्या मोठ्यातून लहान वजा करून येणाऱ्या आकड्यांची, सरासरी आली ०.०२८. पाचच्या गटासाठी तिला २.३२६ ने भागायचं, की सिग्मा मिळतो: ०.०१२, म्हणजे १२ मायक्रॉन. सगळ्या पिनांची सरासरी मात्र १०.०२० होती. मग हिशेब असा:

```
Cp  = (USL - LSL) / 6σ
    = 0.10 / 0.072 = 1.39

Cpk = min(USL - x̄, x̄ - LSL) / 3σ
    = 0.03 / 0.036 = 0.83
```

सीपीला सरासरी कुठे आहे याचं काही देणंघेणं नसतं. टॉलरन्सची रुंदी आणि मशीनचा पसारा एवढंच ती बघते. म्हणून १.३९ चा अर्थ, माझ्या लेथला हे काम जमण्यासारखं आहे. सीपीके बघते जवळच्या मर्यादेपर्यंत किती जागा उरली, आणि ती इथे फक्त अडीच सिग्मा आहे. विखुरणं घंटाकृती धरलं तर हजारात सहा पिना वरच्या मर्यादेबाहेर जाणार. हाच पसारा मध्यावर आणला तर दहा लाखांत तीसेक. मशीन तेच, टूल तेच, फरक फक्त सेटिंगचा. दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर दिसलं की मशीनवर पैसे घालण्याआधी ऑफसेट बघावा.

सेटिंग वर ठेवलं होतं ते जाणूनबुजून. टर्नर मंडळींची ही सवयच असते: मोठा जॉब पुन्हा कापता येतो, लहान झाला की भंगारात. सवय शहाणपणाची आहे, पण सीपीकेला हे कळत नाही. दोन्ही बाजूंचं नुकसान ती सारखंच मोजते. माझं मत असं की पिना एकेक करून काढायच्या असतील तर सवय ठीक, बॅच काढायची असेल तर मध्य गाठावा. हजारात सहा पिना पुन्हा चकमध्ये धरून केंद्रात आणणं फार वेळखाऊ.

दुसऱ्या बॅचला क्रॉस-स्लाइड १० मायक्रॉन आत घेतली. माझ्या डायलवर त्रिज्या वाचतात, म्हणून व्यासात २० चा फरक. सिग्मा तोच १२ राहिला, सरासरी १०.००३ वर आली आणि सीपीके ०.८३ वरून १.३१ वर गेली. वाहन उद्योगात पुरवठादाराकडून साधारण किमान १.३३ मागतात, नव्या भागाच्या मंजुरीला १.६७. चाकण-पिंपरीकडे काम करणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतील.

पण १.३१ वर मी अजून विसंबत नाही. गटांच्या सरासऱ्या चार्टवर मांडल्या तर एकही नियंत्रण मर्यादेबाहेर नाही, तरी शेवटचे सहा गट प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वर चढलेले आहेत, अखेरचा १०.०१० वर. मला इन्सर्टची झीज वाटते: टोक झिजलं की काप उथळ होतो आणि बाहेरचा व्यास वाढत जातो. प्रक्रिया अशी सरकत असताना काढलेली सीपीके त्या ५० पिनांचं वर्णन करते. पुढच्या ५० कशा निघतील याची खात्री देत नाही. शिवाय गटांतर्गत सिग्माला ही चढण जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आकडा जास्तच चांगला दिसतो. ५० नमुन्यांवरून आलेली १.३९ ची सीपी प्रत्यक्षात १.१ पासून १.७ पर्यंत कुठेही असू शकते, हेही लक्षात घ्यावं लागतं. १.३१ आणि १.३३ वर वाद घालण्याइतका विदा माझ्याकडे नाही.

पुढच्या बॅचला सुरुवातीचं सेटिंग ९.९९० च्या आसपास ठेवणार आहे, म्हणजे झीज व्यासाला मध्याकडे आणेल. सवयीच्या अगदी उलट दिशा आहे ही. गटाची सरासरी १०.०१० ला पोचली की ऑफसेटने व्यास २० मायक्रॉन कमी करायचा आणि किती पिनांनी ती वेळ येते ते वहीत लिहायचं. त्या वेळी सगळ्या पिनांचा एकत्रित सिग्माही काढून दोन्ही आकडे शेजारी ठेवीन. ज्यांनी पितळावर असा चढ मोजला असेल त्यांनी आपला इन्सर्ट, फीड आणि कापाची खोली कळवावी.